सट्टा नव्हे, धंदा; मग वही कोठे?

अमरावतीहून बडनेरामार्गे यवतमाळकडे निघालेल्या प्रवाशाला नांदगाव खंडेश्वर लागते. खंडेश्वराच्या प्राचीन हेमाडपंती मंदिराने या गावाला नाव दिले; कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन यांनी त्याला बाजार दिला. गेल्या दशकात याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आणि काही शेतकरी कुटुंबांच्या खात्यांत जमिनीच्या मोबदल्याची रक्कम एकरकमी जमा झाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी पैसा फक्त दिवाळीनंतर, माल विकल्यावर पाहिला, त्यांच्या घरात मुदत ठेवीची पावती आली. त्याच काळात घराघरांतील मुलांच्या हातात फ्युचर्स-ऑप्शन्सचा व्यवहार काही क्षणांत करून देणारा मोबाईलही आला. या दोन गोष्टी एका घरात एकत्र आल्या की काय होते, याचा विचार आम्ही आज करणार आहोत. पण उपदेशाच्या अंगाने नव्हे, हिशेबाच्या अंगाने.

अशा घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाला विचारले, "हा सट्टा तर नाही ना?", तर तो ठामपणे उत्तर देतो, "बाबा, कायद्यानेच याला धंदा म्हटले आहे." मुलगा खोटे बोलत नाही. मात्र तो अर्धेच सांगतो. कायद्याने या व्यवहाराला धंदा म्हटले ते केवळ प्राप्तिकराच्या आकारणीपुरते, आणि धंदा म्हटल्यावर धंद्याची वही, उलाढाल आणि लेखापरीक्षण हेही ओघाने येतेच. हा दुसरा भाग घरात कोणी उच्चारत नाही. तो कळतो तेव्हा पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ४३(५) ची कसोटी जुनी आणि सरळ होती. माल अथवा समभाग प्रत्यक्ष न देता-घेता केवळ भावातील फरकावर मिटविलेला सौदा म्हणजे सट्टा. आपल्याकडे शेअर बाजारात निर्देशांकाचे वायदे २००० च्या जूनमध्ये आणि ऑप्शन्स २००१ मध्ये सुरू झाले. निर्देशांक ही काही पोत्यात भरून देण्याची वस्तू नाही. तेथे मिटवामिटव फरकानेच होणार, आणि म्हणून तो सट्टाच ठरत होता. २००५ च्या वित्त कायद्याने याच कलमाला 'ड' हा अपवाद जोडला. मान्यताप्राप्त बाजारात, संगणकीय प्रणालीवर, नोंदणीकृत दलालामार्फत केलेला आणि वेळेचा शिक्का, ग्राहक क्रमांक व पॅन असलेली सौदाचिठ्ठी ज्याला आहे असा डेरिव्हेटिव्ह व्यवहार सट्टा मानला जाणार नाही, असे त्याने ठरविले. ही सवलत मागील वर्षांना लागू करावी असा युक्तिवाद एका हिंदू अविभक्त कुटुंबाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. २०११ साली न्यायालयाने तो अमान्य केला आणि अपवाद २००६-०७ या करनिर्धारण वर्षापासून पुढेच लागू होतो असा निर्वाळा दिला. व्यवहाराचे स्वरूप बदललेले नव्हते. बदलली होती ती आकारणीपुरती त्याला दिलेली संज्ञा.

वऱ्हाडातल्या वाचकाला यातली एक बाब विशेष लक्षात घ्यावी लागेल. ही सवलत मान्यताप्राप्त बाजारातील चिठ्ठीच्या सौद्यालाच आहे. तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर होणारा 'डब्बा' हा बेकायदा तर आहेच, शिवाय करासाठीही सट्टाच राहतो. त्याचप्रमाणे सकाळी घेऊन दुपारी विकलेले, डिलिव्हरी न घेतलेले समभाग हेही सट्ट्यातच मोडतात. एकाच मोबाईलवर, एकाच दुपारी केलेले दोन सौदे कायद्याच्या दोन निरनिराळ्या कप्प्यांत जातात. दलालाच्या वार्षिक विवरणात हे कप्पे वेगळे दिलेले असतात. विवरणपत्र भरताना ते एकत्र झाले की पुढचा सारा हिशेब बिघडतो.

या कप्प्यांनी एवढा फरक का पडतो? सट्ट्यातील तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो आणि चार वर्षेच पुढे ओढता येतो. धंद्याचा तोटा मात्र त्याच वर्षी दुसऱ्या धंद्याचा नफा, घरभाडे, ठेवींवरील व्याज यांतून वजा होतो. केवळ पगारातून होत नाही. आणि उरला तर तो आठ वर्षे पुढच्या धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येतो, अट एवढीच की विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे. शेतीचे उत्पन्न मुळातच करमुक्त असल्याने तोटा त्यातून वळता करता येत नाही. ज्यांची उपजीविका केवळ शेतीवर आहे, त्यांच्या हाती तोटा पुढे ओढण्यापलीकडे काही उरत नाही.

आता एक उदाहरण मांडू. कुटुंब कल्पित आहे, पण वऱ्हाडातील वाचकाला ते अनोळखी वाटू नये. नांदगाव खंडेश्वर येथील एका गृहस्थांचे कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणे, खते, कीटकनाशके यांची वर्षाची विक्री ९२ लाख. त्यातले सुमारे ६० लाख रोखीने येतात, कारण खरिपाची उधारी सोयाबीन विकल्यावर शेतकरी नोटांनीच चुकती करतो. नफ्याचे प्रमाण या धंद्यात कमी. वहीप्रमाणे निव्वळ नफा ५ लाख २० हजार. महामार्गात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याची ठेव आहे, तिचे वर्षाचे व्याज २ लाख ३० हजार. मुलगा पदवीधर, दुकानात मदत करतो. डेरिव्हेटिव्हचे खाते उघडताना उत्पन्नाचा पुरावा लागतो. तो वडिलांकडे होता, म्हणून खाते वडिलांच्या नावाने निघाले आणि चालविले मुलाने. २०२४-२५ या वर्षात फायद्याच्या सौद्यांची बेरीज ८ लाख झाली आणि तोट्याच्या सौद्यांची १६ लाख ६० हजार. दलाली, उलाढाल कर, मुद्रांक वगैरे ४० हजार धरून निव्वळ तोटा ९ लाख.

मुलगा घाबरला आणि वडिलांना म्हणाला, "हे दाखवायचेच नाही. दुकानाचे विवरण नेहमीसारखे भरू." बहुतेक घरांत हाच निर्णय होतो. तो किती महाग पडतो ते पाहावे.

तोटा दडविला तर उत्पन्न ७ लाख ५० हजार दिसते आणि त्या वर्षीच्या नव्या करप्रणालीनुसार अधिभारासह २६ हजार रुपये कर भरावा लागतो. तोटा दाखविला, तर ९ लाखांतून आधी दुकानाचा ५ लाख २० हजार नफा वजा होतो, मग २ लाख ३० हजारांचे व्याज. कर शून्य, आणि १ लाख ५० हजारांचा तोटा पुढील आठ वर्षांसाठी शिल्लक. हाच व्यवहार २००५ पूर्वीचा असता, तर २६ हजारांचा कर भरावाच लागला असता आणि ९ लाख सट्ट्याच्या कप्प्यात पडून राहिले असते. २००५ च्या बदलाचा खरा लाभ हा, आणि तो तोटा सोसलेल्याला मिळतो. पण तो घ्यायला वही लागते.

पुढचा प्रश्न उलाढालीचा, आणि गोंधळ सर्वाधिक याच ठिकाणी आहे. २०२५ च्या मार्चमध्ये निफ्टीचा एक लॉट ७५ नगांचा होता. निर्देशांक २३ हजारांवर धरला तर एका लॉटचे कागदावरचे मूल्य सव्वासतरा लाख होते. असे दहा सौदे झाले की आकडा पावणेदोन कोटींच्या जवळ जातो, आणि कोणीतरी सांगतो, "तुमची उलाढाल कोटीत आहे, आता ऑडिट लागणार." हे चूक आहे. दुसरा सांगतो, "नफा-तोटा वजा जाता जे उरते तेवढीच उलाढाल." हेही चूकच. सनदी लेखापाल संस्थेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे प्रत्येक सौद्यातील फरक घ्यायचा, तो नफ्याचा असो वा तोट्याचा, आणि चिन्ह न पाहता त्यांची बेरीज करायची. १२० रुपयांना घेतलेला ऑप्शन ९० ला विकला, तर ७५ नगांवर २,२५० रुपये तोटा झाला. दुसऱ्या सौद्यात ३,००० नफा झाला. निव्वळ नफा ७५० रुपये. उलाढाल मात्र ५,२५० रुपये. ऑप्शन विकून मिळालेला प्रीमियम पूर्वी यात वेगळा मिळवीत असत. २०२२ च्या आवृत्तीने स्पष्ट केले की नफा-तोटा काढताना तो धरलेला असेल, तर पुन्हा मिळवू नये. आपल्या उदाहरणात ८ लाख आणि १६ लाख ६० हजार यांची बेरीज २४ लाख ६० हजार, हीच त्या खात्याची उलाढाल.

लेखापरीक्षणाची मर्यादा १९८० च्या दशकात ४० लाखांपासून सुरू झाली, ती ६० लाख आणि पुढे १ कोटीवर आली. २०२० मध्ये ५ कोटी आणि २०२१ मध्ये १० कोटी झाली, पण ही वाढीव मर्यादा ज्याची रोखीची आवक आणि रोखीचे देणे या दोन्ही बाबी एकूण रकमेच्या ५ टक्क्यांच्या आत आहेत त्यालाच. फ्युचर्स-ऑप्शन्सचा सारा पैसा बँकेतून फिरतो. म्हणून केवळ हाच व्यवहार करणाऱ्याला १० कोटींपर्यंत लेखापरीक्षण नाही, असे जे म्हटले जाते ते सर्वसाधारणपणे बरोबर आहे.

पण मर्यादा सौद्याची नसते, माणसाची असते. कायदा त्या पॅनवरील सर्व धंद्यांची उलाढाल एकत्र करतो आणि रोखीचे प्रमाणही एकत्रच पाहतो. आपल्या गृहस्थांची दुकानाची ९२ लाख आणि मोबाईलवरील २४ लाख ६० हजार मिळून उलाढाल १ कोटी १६ लाख ६० हजार झाली. रोख आवक ६० लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक. १० कोटींची सवलत तेथेच संपली, मर्यादा १ कोटीवर आली आणि ती ओलांडली गेली. वर्षानुवर्षे ज्या दुकानाला लेखापरीक्षण लागले नव्हते, ते मुलाच्या मोबाईलमुळे त्याच्या कक्षेत आले. तोटा दडविल्याने ही जबाबदारी टळत नाही. उलाढाल झालेली असतेच आणि दलालाकडे तिची नोंद असते. १९६१ च्या कायद्यातील दंड उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यांतील कमी ती रक्कम. येथे तो ५८ हजार ३०० रुपये होतो. २६ हजारांचा न लागणारा कर, ५८ हजारांचा संभाव्य दंड आणि पुढे ओढता न आलेला दीड लाखाचा तोटा, ही गप्प बसण्याची किंमत.

खाते मुलाच्याच नावाने असते तर वडिलांच्या दुकानाला लेखापरीक्षण लागले नसते आणि मुलालाही २४ लाखांच्या उलाढालीवर ते लागले नसते. पण मग वडिलांच्या नफ्यातून एक पैसाही वजा झाला नसता. लाभ आणि ओझे एकाच पॅनवर चालतात. लाभापुरते वडिलांचे आणि ओझ्यापुरते मुलाचे, असे करता येत नाही. बेअरर धनादेशाने केलेला भरणाही रोखीतच मोजला जातो, हे आमच्या दुकानदार वाचकांनी ध्यानात ठेवावे. रोखीचे प्रमाण कमी आहे अशा समजात पुष्कळजण येथे फसतात.

ज्यांचे दुकान अनुमानित उत्पन्नाच्या कलम ४४कड वर चालते, त्यांची अडचण आणखी नाजूक आहे. रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्यावर ६ टक्के नफा दाखवून 'सुगम' भरणाऱ्याला फ्युचर्स-ऑप्शन्सचा तोटा दाखवायचा असेल तर तो फॉर्म चालत नाही. आयटीआर ३ भरावा लागतो. दुकानापुरती अनुमानित पद्धत मग टिकते की संपते, यावर सनदी लेखापालांतच दोन मते आहेत. संपली असे धरले, तर पुढील पाच वर्षे ती पद्धत वापरता येत नाही आणि ज्या वर्षी उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर जाईल त्या वर्षी उलाढाल कितीही लहान असली तरी लेखापरीक्षण लागते. अशा कुटुंबाने पहिला ऑप्शन घेण्यापूर्वीच आपल्या लेखापालाचे मत लेखी घ्यावे. तोटा झाल्यावर घेतलेले मत फार उपयोगी पडत नाही.

२०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. आपल्या गृहस्थांसारख्यांना तोटा वळता करून वाचणारा कर आता शून्यावर आला आहे, आणि कर वाचत नसला तरी त्या वर्षीच्या उत्पन्नातून तोटा आधी वजा होतोच. तेव्हा "तोटा झाला तरी करात निघून जातो" हे जे सल्लागार मंडळी सांगतात, ते लहान माणसाच्या बाबतीत निराधार आहे. २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू होतो. त्यापूर्वीच्या वर्षांचे हिशेब जुन्याच कायद्याने व्हायचे आहेत.

आता धोरणाविषयी. सेबीने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारात उतरलेल्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होता. यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक लोक पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे होते, म्हणजे अकोला-अमरावती आणि नांदगाव खंडेश्वरचे होते. दुसऱ्या बाजूला नफ्यात कोण होते, तर प्रामुख्याने संगणकीय सूत्रांनी सौदे करणाऱ्या मोठ्या संस्था आणि परदेशी गुंतवणूकदार. २०२५ च्या जुलैमध्ये सेबीने अमेरिकेतील जेन स्ट्रीट समूहाविरुद्ध अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये रोखण्यास सांगितले. समूहाने आरोप नाकारले असून त्याविरुद्ध दाद मागितली. त्या वादाचा निकाल काहीही लागो, खेळाची मांडणी मात्र त्यातून दिसली. स्वदेशी बचतीचा ओघ कोणाच्या तिजोरीकडे वाहतो आहे, हा प्रश्न दत्तोपंत ठेंगडींच्या विदर्भाने तरी विचारलाच पाहिजे.

यावर उपाय म्हणून हा व्यवहार पुन्हा सट्ट्याच्या कप्प्यात टाकावा, अशी सूचना वेळोवेळी होते. ती ऐकायला कठोर आणि नैतिक वाटते, परंतु आम्हास ती मान्य नाही. तोटा वळता करण्याची मुभा नाहीशी झाली तर नफ्यातील मोठ्या संस्थांना फारसे काही जाणवणार नाही. मार बसेल तो आपल्या कृषी सेवा केंद्रवाल्याला.

आमचा आक्षेप निराळ्या जागी आहे. २०१०-११ ते २०१५-१६ या वर्षांत करपात्र उत्पन्न असलेल्या लहान व्यावसायिकाने ८ टक्क्यांहून कमी नफा वा तोटा दाखविला, तर लेखापरीक्षण करावे लागे. तो जाच होता, हे खरे. पण त्या निमित्ताने वर्षातून एकदा एक परका, जाणता माणूस घराच्या वहीकडे पाहत असे आणि "हे काय चालले आहे?" असे विचारत असे. नियम सैल झाले, मर्यादा १० कोटींवर गेली आणि ती दुसरी नजर बहुसंख्य घरांतून निघून गेली. मुलगा खोलीत बसून काय करतो ते आईला ठाऊक नसते आणि लेखापालालाही नसते. ऑडिटची सक्ती परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. ८-१० हजारांचे शुल्क हा लहान माणसावर नवा भार होईल. मात्र सेबीने दलालांना एवढे बंधन घालावे, की दरवर्षी एप्रिलमध्ये प्रत्येक ग्राहकाला त्याच्या मातृभाषेत एक पानाचे विवरण द्यावे. त्यात फायद्याच्या सौद्यांची बेरीज, तोट्याच्या सौद्यांची बेरीज, खर्च, वर सांगितलेल्या रीतीने काढलेली उलाढाल आणि सट्ट्यात मोडणारे सौदे वेगळे दाखविलेले असावेत. खात्यावर नामनिर्देशन असलेल्या व्यक्तीसही ग्राहकाच्या संमतीने त्याची प्रत जावी. हे सारे आकडे दलालाच्या संगणकात आजही तयार असतात.

तोवर हे काम घरानेच करायचे आहे. आमच्याकडे दिवाळीला वहीपूजन होते. लाल वहीवर स्वस्तिक काढले जाते, शुभ-लाभ लिहिले जाते आणि त्या वहीत मुलाच्या मोबाईलमधील ९ लाखांची नोंद नसते. मोबाईलवरचे नफा-तोट्याचे विवरण ३१ मार्चनंतर छापून घ्यावे, खाते कोणाच्या पॅनवर आहे ते पाहावे, त्या पॅनवरील दुकानाची विक्री त्यात मिळवावी आणि रोखीचे प्रमाण काढावे. बेरीज १ कोटीच्या वर आणि रोख ५ टक्क्यांच्या वर दिसली, तर त्याच आठवड्यात लेखापालाकडे जावे. लेखापरीक्षणाचा अहवाल विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी एक महिना द्यावा लागतो, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अमरावतीत कोणताही लेखापाल नवी वही हाती घेत नाही.